होम ऑफिसचे लोक रेस्टॉरंटमध्ये येऊन गेले. राइट टू वर्कच्या फाईलबद्दल मदत हवी आहे (ब्रिटन)

लेस्टरची_सून

नमस्कार. माझ्या दिरांचं इथे लेस्टरमध्ये छोटं रेस्टॉरंट आहे. मी आठवड्यातून दोन दिवस तिथले हिशेब आणि पगारपत्रकं बघते. नोकरभरती माझ्याकडे नाही, ती आधीचा मॅनेजर बघायचा. तो डिसेंबरात सोडून गेला.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी, फेब्रुवारीचा पहिलाच आठवडा, इमिग्रेशन एन्फोर्समेंटचे सहा अधिकारी आले. दोघे मागच्या दाराशी थांबले, बाकीचे आत. किचनमधल्या प्रत्येकाला वेगवेगळं बाजूला घेऊन बोलले. भाऊजींशीही स्वतंत्र बोलले. पँट्रीच्या दारामागे आम्ही रोट्याचे, म्हणजे कुणाची पाळी कधी त्या वेळापत्रकाचे, कागद एकावर एक टाचणीने लावतो. एका अधिकाऱ्याने टाचणी काढून खालचे जुने कागदसुद्धा एकेक उलटून फोटो घेतले.

दोन जणांवर त्यांचा आक्षेप आहे.

पहिला मास्टर्सचा विद्यार्थी, ऑक्टोबरपासून आमच्याकडे. टर्म चालू असताना त्याला आठवड्याला वीसच तास काम करता येतं, पण रोट्यातल्या तीन आठवड्यांत त्याचे तास एकतीस दिसतात. त्याला घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी सोडलं, आता त्याला ठरलेल्या दिवशी हजेरी द्यावी लागते. मुलगा फार घाबरलाय.

दुसऱ्या ताई किचनमध्येच आहेत, डिपेंडंट व्हिसावर. त्यांचा व्हिसा २८ जानेवारीपर्यंत होता. त्या म्हणतात की २० तारखेलाच मुदतवाढीचा अर्ज केलाय.

जाताना भाऊजींच्या हातात रेफरल नोटीस दिली. दंड किती, कधी, काहीच लिहिलेलं नाही. मी फाईल उघडली तर विद्यार्थ्याच्या नावाने एक प्रिंटआउट आहे, बाकी काही नाही. आता काय करायचं?

तडफदार

आधी हे सांगा, त्यांच्याकडे वॉरंट होतं का? वॉरंट नसेल तर दार लावून घ्यायचं होतं. वॉरंटशिवाय आत यायचा त्यांना अधिकारच नाही, सगळी कारवाई रद्द होईल. आणि दंड माणशी १५ हजार पाउंड असतो, पहिल्या वेळी कमी करतात. मुलाकडे नॅशनल इन्शुरन्स नंबर असेल आणि पगार पेरोलमधून जात असेल तर काळजी नसावी, सरकारला सगळं माहीतच होतं की.

फाईलवाले_काका

मी बरीच वर्षं एका केअर कंपनीत भरतीच्या फायली तपासायचं काम केलं, म्हणून सविस्तर लिहितो. वकील नाही, हे लक्षात ठेवा.

तडफदार, वॉरंटबद्दलचं तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नुसत्या संमतीवर येत असतील तर नाही म्हणता येतं. पण वॉरंटखेरीज त्यांच्याकडे आणखी रस्ते आहेत. असिस्टंट डायरेक्टरच्या सहीच्या पत्रावर धंद्याच्या जागेत शिरता येतं. आणि जिथे दारू किंवा रात्री उशिरा गरम जेवण विकायचा परवाना आहे, तिथे २०१७ पासून परवान्याच्या कायद्याखालीही आत येता येतं. म्हणून दाराशी विचारायचा प्रश्न एकच, कुठल्या अधिकाराने येताय आणि कागद दाखवा. तो वाचायचा, वेळ लिहून ठेवायची. अधिकार असताना अडवणं हा वेगळा गुन्हा होतो.

दंडाचा आकडा जुना आहे. १३ फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्या वेळी माणशी ४५ हजारांपर्यंत, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर ६० हजारांपर्यंत. नॅशनल इन्शुरन्स नंबरने काम करायचा हक्क सिद्ध होत नाही. व्हिसा संपला तरी नंबर तोच राहतो.

आता मुख्य गोष्ट, जी भल्याभल्या मालकांना माहीत नसते. माणसाला काम करायचा हक्क आहे का याची तपासणी केली नाही म्हणून दंड होत नाही. ज्याला ते काम करायची परवानगी नाही अशा माणसाला कामावर ठेवलं म्हणून होतो. तपासणी ही तुमची ढाल आहे, इथल्या भाषेत स्टॅच्युटरी एक्स्क्यूज. म्हणून प्रत्येक माणसाबाबत दोन प्रश्न, याच क्रमाने विचारायचे. एक, तो खरोखर बेकायदा काम करत होता का? नसेल तर विषय तिथेच संपतो, फाईल रिकामी असली तरी. असेल तरच दुसरा प्रश्न, तुमच्याकडे ढाल आहे का?

सूनबाई, या दृष्टीने तुमच्या दोन माणसांच्या केस अगदी निराळ्या आहेत. मला तीन गोष्टी सांगा. तो प्रिंटआउट नेमका कसला आहे? विद्यार्थ्याच्या युनिव्हर्सिटीच्या टर्मच्या तारखांचा कागद आहे का? आणि ताईंची पहिली तपासणी कशी झाली होती?

रात्रपाळी

माझाही प्रश्न यातच विचारतो. मी विद्यार्थी आहे, एका ठिकाणी बारा तास आणि दुसऱ्या ठिकाणी दहा तास करतो. दोन्ही मालक वेगळे असल्यामुळे दोघांकडे वीसच्या आतच होतं ना? शिवाय एखाद्या आठवड्यात कमी केले तर पुढच्या आठवड्यात जास्त चालतात असं रूममेट म्हणतो.

फाईलवाले_काका

रात्रपाळी, दोन्ही नाही. वीस तास हे सगळ्या नोकऱ्या मिळून, आणि आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार. सरासरी काढता येत नाही. बावीस म्हणजे तुझ्याकडून अटीचा भंग झाला. मालकांना दुसऱ्या नोकरीची कल्पना नसेल आणि त्यांनी आपली तपासणी नीट केली असेल तर ते बहुतेक सुटतील, तू सुटणार नाहीस. या आठवड्यापासूनच दोन तास कमी कर, आणि युनिव्हर्सिटीच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षात जाऊन बोल. त्यांच्याकडे याचा सल्ला फुकट मिळतो.

लेस्टरची_सून

काका, खूप आभार. फाईल समोर घेऊन बसले आहे.

विद्यार्थ्याचा प्रिंटआउट म्हणजे त्याच्याच फोनवरच्या पानाचा स्क्रीनशॉट आहे. वर त्याचं नाव, फोटो, व्हिसाची तारीख, आणि खाली शेअर कोड. मॅनेजरने पेनने "ओके" लिहून सही केलीय, तारीख नाही. टर्मच्या तारखांचा कागद नाही.

ताईंच्या फाईलमध्ये मात्र वेगळं पान आहे. त्यावर आमच्या कंपनीचं नाव आहे, तपासणीची तारीख आहे, एक रेफरन्स नंबर आहे. ती तारीख त्या कामाला लागल्या त्याच्या आधीची आहे.

भाऊजी म्हणताहेत की विद्यार्थ्याचा नवा शेअर कोड मागवू, आज बरोबर पद्धतीने तपासू आणि ऑक्टोबरची तारीख घालून फाईलमध्ये ठेवू. मला ते पटत नाहीये, पण घरात सध्या कुणी कुणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही.

फाईलवाले_काका

भाऊजींना आज रात्रीच सांगा, हे अजिबात करू नका. बरोबर पानावर तपासणीची तारीख यंत्रणाच छापते, ते तुम्ही ताईंच्या पानावर पाहिलंतच. आजची तपासणी आजपासून पुढे लागू होते, मागे जात नाही. आणि खोटी तारीख घातलेला कागद पाठवलात तर दिवाणी दंडाचं प्रकरण फसवणुकीकडे सरकतं.

दोन पानांमधला फरक नीट समजून घ्या, कारण मी पाहिलेल्या फायलींत सगळ्यात जास्त चूक इथेच असते. कामगार आपल्या खात्यात शिरून शेअर कोड काढतो, तेव्हा त्याला स्वतःची माहिती दिसते. ते पान मालकाने पाहून उपयोग नाही. मालकाने gov.uk वर View a job applicant's right to work details हे पान उघडायचं, तिथे शेअर कोड आणि जन्मतारीख घालायची, आणि जे पान येईल त्यातला फोटो समोरच्या माणसाशी ताडून पाहायचा. मग ते पान साठवायचं. नोकरीसाठीचा कोड W ने सुरू होतो आणि नव्वद दिवस चालतो. हे सगळं पहिल्या दिवसाच्या कामाच्या आधी झालं पाहिजे. ट्रायल शिफ्टसुद्धा कामच, तिच्याही आधी. आणि कागद नोकरी संपल्यावर पुढे दोन वर्षं जपायचे.

म्हणजे मॅनेजरच्या सहीचा तो स्क्रीनशॉट ढाल म्हणून चालणार नाही. विद्यार्थ्याच्या बाबतीत आणखी एक अट असते, शिक्षणाच्या काळातल्या टर्म आणि सुट्ट्यांच्या तारखांचा पुरावा मालकाने घेऊन फाईलमध्ये ठेवायचा. तोही नाही.

आणि खरं सांगायचं तर, तारखा असत्या तरी ढाल टिकली असती का याची मला शंका आहे. रोटा तुम्हीच बनवलात. एकतीस तास तुमच्याच अक्षरात भिंतीवर आहेत. माणूस अट मोडतोय हे मालकाला माहीत असेल तर बरोबर केलेली तपासणीही वाचवत नाही. म्हणूनच तो अधिकारी टाचणी काढून जुने कागद बघत होता. पासपोर्ट, व्हिसा त्यांना त्यांच्या यंत्रणेत दिसतात. जागेवर येऊन ते जे शोधतात ते वेगळं असतं: रोटा, पगाराच्या पावत्या, टिलवर कुणाच्या नावाने लॉगिन आहे, कामाचा गणवेश कुणाच्या अंगावर आहे. आणि प्रत्येकाला वेगळं विचारतात की नोकरी कुणी दिली, किती दिवस येतोस, पैसे कसे मिळतात, मालकाने कुठला कागद पाहिला. मग मालकाच्या उत्तरांशी ती उत्तरं जुळवतात.

आता पहिल्या प्रश्नाकडे या, तुमची खरी आशा तिथे आहे. ते तीन आठवडे नेमके कुठले?

कावेरी_एम

मध्येच लिहिते. मी एका युनिव्हर्सिटीत विद्यार्थी प्रशासनात आहे. टर्म नसताना वीसची मर्यादा नसते हे बरोबर, पण मास्टर्सच्या मुलांबाबत मालक एक मोठी गल्लत करतात. पदवीच्या मुलांना उन्हाळ्याची सुट्टी असते, मास्टर्सच्या मुलांना बहुतेक वेळा नसते. मे-जूननंतर वर्ग थांबतात, पण प्रबंधाचं काम चालू असतं आणि तो काळ टर्मच धरला जातो. म्हणून वेबसाइटवरचं सर्वसाधारण कॅलेंडर चालत नाही, त्या मुलाच्या कोर्सच्या तारखा दाखवणारं पत्र हवं. ख्रिसमसची सुट्टी मात्र सहसा सुट्टी म्हणून मिळते. तुमच्या मुलाने मागितलं तर विभाग पत्र देईल.

लेस्टरची_सून

कावेरीताई, हे फार मोलाचं आहे. आज मुलाने पत्र आणलं.

रोट्यातले तीन आठवडे असे. पहिले दोन, २० डिसेंबरनंतरचे, पत्राप्रमाणे पूर्ण सुट्टीत येतात. तिसरा जानेवारीच्या शेवटचा, तो टर्ममध्ये आहे. त्या आठवड्यात बुधवारी ४, गुरुवारी ५, शुक्रवारी आणि शनिवारी ८-८ आणि रविवारी ६. बेरीज ३१. बाकी सगळे आठवडे अठरा-एकोणीस तासांचे आहेत, पगाराच्या पावत्याही तशाच. त्या आठवड्यात दोन जण आजारी होते म्हणून त्याला जास्त बोलावलं.

पण अधिकाऱ्यांना तो म्हणाला म्हणे की "मी आठवड्याला तीस तास करतो". तो सांगतो की त्याला वाटलं ते सुट्टीबद्दल विचारताहेत. त्याच्या उत्तरांची प्रत आमच्याकडे नाही.

आंबेमोहोर

हे सगळं वाचून पोटात गोळा आला. माझ्या सासूबाई व्हिजिटर व्हिसावर आल्या आहेत. आमचं दुकान आहे. त्या दुपारी येऊन बसतात, कधी खोके उघडून माल लावतात. पगार वगैरे काही नाही, घरचंच माणूस आहे. यालासुद्धा शेअर कोड काढायचा का?

तडफदार

पगार नाही म्हणजे नोकरी नाही. बिनधास्त बसू द्या.

फाईलवाले_काका

आंबेमोहोर, शेअर कोडचा इथे संबंध नाही, व्हिजिटरला काम करायची परवानगीच नसते. बिनपगारी कामालाही ती बंदी लागू आहे. त्यामुळे सासूबाईंच्या बाजूने पाहिलं तर माल लावणं धोक्याचं आहे, पुढच्या व्हिसाला अडचण येऊ शकते.

तुमच्या बाजूने तडफदार म्हणतात त्यात तथ्य आहे, पण ते जेवढं सोपं सांगताहेत तेवढं नाही. मालकाचा दंड नोकरीच्या करारावर अवलंबून असतो. करार लेखी असावा लागत नाही, तोंडीही चालतो, वागण्यावरूनही ठरतो. रोज ठरावीक वेळी येणं, सांगितलेलं काम करणं आणि त्याबदल्यात राहणं-जेवण, असं चित्र दिसलं तर अधिकारी त्याला नोकरी म्हणू शकतात. सासूबाई सुनेच्या घरी राहते ते नात्याने, हा मुद्दा तुमच्या बाजूचा. पण काउंटरच्या मागे उभ्या असलेल्या बाईबद्दल हा वाद घालण्याची वेळ का आणायची? त्यांना येऊन बसू द्या, गप्पा मारू द्या, मालाला हात नको.

आंबेमोहोर

कळलं काका. त्यांना समजावणं अवघड आहे, स्वस्थ बसवत नाही त्यांना. पण सांगते.

फाईलवाले_काका

सूनबाई, तुमच्या ताईंचं आधी संपवतो. २८ जानेवारीच्या आत अर्ज पोचला असेल तर निर्णय होईपर्यंत आधीची परवानगी आपोआप चालू राहते, कामाच्या अटींसकट. म्हणजे पहिल्याच प्रश्नाचं उत्तर आलं, त्या बेकायदा काम करत नव्हत्या. मुदत संपण्याआधी त्यांची फेरतपासणी व्हायला हवी होती, ती राहिली. तरीही मुदत संपल्यावर मालकाला अठ्ठावीस दिवसांची सवलत असते, अर्ज वेळेत केलाय अशी वाजवी खात्री असेल तर. अधिकारी आले तेव्हा तुम्ही त्या मुदतीतच होतात.

आता लगेच करायचं ते असं. ताईंकडून अर्ज केल्याच्या तारखेचा पुरावा घ्या, आणि होम ऑफिसच्या एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसला ऑनलाइन विचारणा पाठवा. साधारण पाच कामाच्या दिवसांत उत्तर येतं. होकार आला तर त्याला पॉझिटिव्ह व्हेरिफिकेशन नोटीस म्हणतात. तिच्यावरच्या तारखेपासून सहा महिने ढाल मिळते. तोवर अर्जाचा निकाल लागला नाही तर सहा महिने संपायच्या आत पुन्हा विचारायचं. तारीख कॅलेंडरमध्ये टाका, कारण मॅनेजर जातात आणि तारखा त्यांच्याबरोबर जातात.

आणि कृपा करून घाबरून त्यांना कामावरून काढू नका.

लेस्टरची_सून

विचारणा आजच पाठवली. पण काका, तुम्ही अगदी तेच बोललात. भाऊजींनी कालच जाहीर केलं की यापुढे फक्त ब्रिटिश पासपोर्टवाले घ्यायचे, बाकी कटकट नको.

कावेरी_एम

मग एक संकट टाळायला दुसरं ओढवून घ्याल. राष्ट्रीयत्वावरून उमेदवार नाकारला तर २०१० च्या समानता कायद्याखाली दावा होऊ शकतो. त्यात भरपाईला वरची मर्यादा नाही. नाव बघून किंवा उच्चार ऐकून फक्त "परदेशी वाटणाऱ्यांची" तपासणी करणंही त्यातच येतं. तपासणी सगळ्यांची, लेस्टरमध्ये जन्मलेल्या गोऱ्या वेट्रेसचीही.

फाईलवाले_काका

कावेरीताईंशी पूर्ण सहमत. शिवाय ब्रिटिश पासपोर्टवाल्यांची तपासणी आपोआप होते असं भाऊजींना वाटत असेल तर तेही खरं नाही. ब्रिटिश माणसाला शेअर कोड नसतो. त्याचा मूळ पासपोर्ट हातात घेऊन, माणूस समोर असताना किंवा व्हिडिओवर दिसत असताना बघायचा, फोटोच्या पानाची प्रत काढायची आणि तपासणीची तारीख लिहायची. पासपोर्ट नुसता व्हॉट्सअॅपवर पाठवला तर ती तपासणी नव्हे. कोविडच्या काळात स्कॅनवर चालायचं, ती सूट ३० सप्टेंबर २०२२ ला संपली. बऱ्याच मालकांच्या फायली अजून त्याच सवयीवर चालल्या आहेत. मुदत संपलेला ब्रिटिश पासपोर्ट मात्र हाताने केलेल्या तपासणीत चालतो, हे अनेकांना माहीत नसतं आणि ते उगाच माणसाला परत पाठवतात. आणि परदेशी माणसाचं जुनं बायोमेट्रिक कार्ड एप्रिल २०२२ पासूनच मालकाच्या तपासणीला चालत नाही, कितीही खरं असलं तरी.

आता पुढची पायरी. रेफरल नोटीस म्हणजे दंड नव्हे, प्रकरण दंडाच्या विभागाकडे पाठवलं एवढंच. तिकडून माहिती मागणारं पत्र येईल. त्याला मुदत थोडी असते, म्हणून पोस्ट रोज बघा. विचारतील की माणूस कधी लागला, कुणी ठेवला, कुठले कागद पाहिले, किती तास, किती पगार. जे आहे तेच पाठवा. स्क्रीनशॉट स्क्रीनशॉट म्हणून पाठवा. टर्मचं पत्र, ऑक्टोबरपासूनचे सगळे रोटे, सगळ्या पावत्या आणि एक साधा तक्ता, कुठला आठवडा टर्ममध्ये, कुठला सुट्टीत, किती तास. त्या तक्त्याने तीन आठवड्यांचा आक्षेप एका आठवड्यावर येतो, आणि मुलाचं "तीस तास" हे वाक्यही समजतं.

मुक्काम_स्लाव

काका, पण एका आठवड्यावर आला तरी दंड तर तोच ना? माणशी दंड आहे, आठवड्यामागे नाही.

फाईलवाले_काका

बरोबर पकडलंत. कायद्याच्या नजरेत एक आठवडाही भंगच आहे, आणि सुरुवातीचा आकडा ४५ हजारच. पण अर्थ बदलतो. "हा मालक मुलाला नियमित तीस तास राबवतो" आणि "आजारपणामुळे एका आठवड्यात तास वाढले" या दोन चित्रांत फरक आहे. दंडाच्या पलीकडे, जाणूनबुजून बेकायदा माणूस ठेवल्याचा फौजदारी गुन्हाही आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद. तुमच्या प्रकरणात तिथवर जाईल असं मला वाटत नाही, पण म्हणूनच माहितीच्या पत्राला उत्तर देण्याआधी इमिग्रेशनचं काम करणाऱ्या सॉलिसिटरला एकदा दाखवाच.

आकडेही सांगतो, म्हणजे भाऊजींना अंदाज येईल. तपासात खरोखर सहकार्य केल्याचं मान्य झालं तर ५ हजार कमी होतात, म्हणजे ४० हजार. संशय आल्यावर मालकाने स्वतःहून कळवलं असतं तर आणखी ५ हजार कमी झाले असते, ती वेळ गेली. पहिलीच वेळ असेल आणि नोटिशीतल्या एकवीस दिवसांच्या मुदतीत भरलं तर आणखी तीस टक्के सूट, म्हणजे २८ हजार.

दंड मान्य नसेल तर अठ्ठावीस दिवसांत लेखी हरकत घ्यायची. थेट कोर्टात जाता येत नाही. हरकत फेटाळली तर मग पुढच्या अठ्ठावीस दिवसांत काउंटी कोर्ट.

तडफदार

आकडे नवीन कळले, आभार. पण मला अजून पटत नाही की मॅनेजरने केलेल्या चुकीसाठी मालकाने एवढे भरायचे. मॅनेजरकडून वसूल करता येत नाही?

फाईलवाले_काका

होम ऑफिसच्या दृष्टीने जबाबदार मालक, म्हणजे इथे कंपनी. तपासणीचं काम कुणाकडे सोपवलं याने फरक पडत नाही, बाहेरच्या एजन्सीकडे दिलं तरी पडत नाही. मॅनेजरशी तुमचा काय करार होता तो वेगळा वाद, त्यावर मी मत देणार नाही.

मुक्काम_स्लाव

माझ्या माहितीतल्या एकाने चालू टेकअवे विकत घेतलं. जुने कामगार तसेच पुढे चालू. त्याला वाटलं की जुन्या मालकाने तपासणी केलीच असेल. फायली उघडल्यावर कळलं की निम्म्या रिकाम्या आहेत. अशा वेळी कामगारांसकट धंदा हातात आला तर नव्या मालकाला साठ दिवस मिळतात, त्यात सगळ्यांची नव्याने तपासणी करून घ्यायची. त्याने दुसऱ्याच आठवड्यात केली म्हणून निभावलं. नाहीतर जुन्या मालकाची भोकं त्याच्या गळ्यात पडली असती.

निशिगंधा

आमच्याकडे डिलिव्हरीची मुलं सेल्फ-एम्प्लॉइड म्हणून आहेत, पगारावर कुणी नाही. त्यांची तपासणी आम्हाला लागू नाही असंच समजत होतो. बरोबर आहे ना?

फाईलवाले_काका

आत्तापर्यंत स्टॅच्युटरी एक्स्क्यूजचा प्रश्न नोकरीच्या करारापुरता होता, हे खरं. पण सेल्फ-एम्प्लॉइड असं नाव दिल्याने तसं होत नाही. शिफ्ट तुम्ही ठरवता, बदली माणूस पाठवायची मुभा नाही, मग कोर्ट त्याला नोकरी म्हणू शकतं. शिवाय सरकारने मार्च २०२५ मध्येच जाहीर केलं की गिग कामगारांनाही ही तपासणी लावणार. ती लागू व्हायची वाट न पाहता आतापासूनच सगळ्यांची करा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि त्यांत कुणी विद्यार्थी व्हिसावर असेल तर तो सेल्फ-एम्प्लॉइड काम करूच शकत नाही, एक तासही नाही. पहिलं ते बघा.

निशिगंधा

दोघे विद्यार्थी आहेत. आज संध्याकाळीच यजमानांशी बोलते.

लेस्टरची_सून

अपडेट देते. ताईंची पॉझिटिव्ह व्हेरिफिकेशन नोटीस आली. त्यांना दाखवली तर त्या रडल्याच, आठ दिवस त्यांना वाटत होतं की आपल्यामुळे सगळं झालं.

माहिती मागणारं पत्रही आलंय. सॉलिसिटरने काकांनी सांगितलेला तक्ताच मागितला. तिने दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या. विद्यार्थ्याने स्वतःचा वकील करावा, आमचा नको, कारण त्याचं हित आणि आमचं हित एकच असेल असं नाही. आणि आमच्याकडे बिअरचा परवाना आहे, बेकायदा कामाच्या कारणावरून त्याचा फेरविचार होऊ शकतो, तेव्हा कौन्सिलकडून पत्र आलं तर लगेच कळवायचं.

भाऊजी स्क्रीनशॉटवर तारीख घालायचं म्हणत नाहीत आता. पण एकवीस दिवसांत २८ हजार भरून मोकळं व्हावं की हरकत घ्यावी यावर घरात दोन तट आहेत. सॉलिसिटरचं मत आहे की नोटीस हातात येईपर्यंत ठरवू नका.

फाईलवाले_काका

सॉलिसिटरचं ऐका. विद्यार्थ्याच्या वेगळ्या वकिलाचा मुद्दा मला सुचायला हवा होता, महत्त्वाचा आहे.

हरकतीबद्दल माझं मत असं की जानेवारीच्या त्या आठवड्यावर लढायला तुमच्याकडे फारसं काही नाही. पण दंडाच्या नोटिशीत तीनही आठवडे धरलेले असतील, किंवा सहकार्याचे ५ हजार वजा केलेले नसतील, तर हरकतीला जागा आहे. म्हणून नोटीस आली की आधी हे दोन आकडे बघा. आणि गुरुवारी त्या सहा जणांना आत घेतल्यापासून ते जाईपर्यंत भाऊजींनी काय काय दाखवलं, कुठली कपाटं उघडून दिली, हे त्यांना आठवतंय तोवर त्यांच्याकडून लिहून घ्या. सहकार्य केलं हे दाखवायला तोच कागद लागेल.

कावेरी_एम

आणि त्या मुलाला सांगा, युनिव्हर्सिटीपासून लपवू नकोस. त्यांना होम ऑफिसकडून कळेलच. त्याआधी त्याने स्वतः सांगितलेलं बरं. कोर्स चालू ठेवता येईल का हे मी इथे सांगू शकत नाही, ते त्याच्या वकिलावर आणि होम ऑफिसवर आहे. पण हजेरीला प्रत्येक वेळी वेळेवर जाऊ दे.

लेस्टरची_सून

सांगते. उद्या त्याच्याबरोबर मीच जाणार आहे युनिव्हर्सिटीत. दंडाची नोटीस आली की इथेच लिहीन.